बँकेच्या डिस्प्यूट ईमेलमध्ये आधी काय वाचावं

कोथरूडच्या माझ्या मावशीने ऑनलाइन मागवलेलं ६,४०० रुपयांचं कपाट आलंच नाही. तक्रार केल्यावर बँकेचा ईमेल आला आणि कार्डावर तेवढी रक्कम जमाही झाली. ती म्हणाली, "मिळाले गं पैसे!" पण ईमेलात ‘provisional credit’ लिहिलं होतं, म्हणजे तात्पुरती जमा. दुकानदाराने डिलिव्हरीचा पुरावा दिला आणि तो बँकेला पटला, तर बँक ही रक्कम परत काढून घेते. म्हणून निकालाचा ईमेल येईपर्यंत ते पैसे आपले धरू नयेत.

नंतर तक्रारीचं कारण बघा, कारण पुरावा त्यावरच ठरतो. तिच्या ईमेलात ‘goods not received’ होतं. अशा वेळी नुसतं कार्डाचं स्टेटमेंट पुरत नाही, त्यातून फक्त पैसे गेल्याचं कळतं. आम्ही ऑर्डरची पावती, डिलिव्हरीची कबूल केलेली तारीख दिसणारा स्क्रीनशॉट आणि "कपाट कुठे आहे?" म्हणून दुकानदाराशी झालेला पत्रव्यवहार जोडला. वस्तू आली पण वेगळी निघाली असती, तर फोटो आणि मूळ वर्णन लागलं असतं.

पुरावे पाठवायची मुदत ‘७ दिवस’ अशी असेल तर ते ईमेलच्या तारखेपासून सलग मोजायचे की फक्त कामकाजाचे, हे बँकेला विचारून तारीख कॅलेंडरवर लिहा. पुरावे त्याच ईमेलला उत्तर म्हणून मागितलेत की लिंकवर, तेही बघा. लिंक असेल तर ईमेलातून न उघडता बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तक्रार क्रमांक जुळवा. ओटीपी किंवा सीव्हीव्ही मागितला तर तो ईमेल बँकेचा नाही.