पिचला उत्तर येत नाही? या चुका टाळा

फ्रीलान्स पत्रकाराची पिच, म्हणजे संपादकाला ईमेलने पाठवलेला स्टोरीचा प्रस्ताव, नाकारली जाते तेव्हा भाषा कच्ची असणं हे कारण क्वचितच असतं. बहुतेक वेळा त्या ईमेलमध्ये स्टोरीच नसते, नुसता विषय असतो. "डायलिसिसच्या रुग्णांच्या अडचणींवर सविस्तर लेख लिहायचा आहे, तुम्हाला चालेल का?" असं कुणी विचारलं, तर संपादक काय उत्तर देणार? नेमकं काय घडलंय, ते आत्ताच का छापायचं आणि हे काम याच पत्रकाराला का द्यायचं, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. म्हणून उत्तर येत नाही.

याच विषयातून स्टोरी कशी निघते ते एका कल्पित उदाहरणात पाहू. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालतं. समजा, एका केंद्रातली शेवटची पाळी रात्री साडेनऊला संपते. परतीची शेवटची बस पूर्वी दहाला होती. नव्या वेळापत्रकात ती सव्वानऊला सुटते. लांबून येणारे काही रुग्ण बस चुकू नये म्हणून अर्धा तास आधीच मशीन बंद करायला सांगतात. आता इथे बदल आहे, माणसं आहेत आणि परिणामही आहे.

आपल्याकडे विषय आहे की स्टोरी, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. सगळं एका वाक्यात सांगून पाहायचं आणि त्या वाक्यात "म्हणून" येतो का ते बघायचं. "शेवटची बस पाऊण तास आधी सुटायला लागली, म्हणून रुग्ण उपचार अर्धवट सोडून उठतात." असं वाक्य जमत नसेल, तर अजून दोन-चार फोन करायला हवेत. पिच लिहायची वेळ आलेली नाही.

पिचची बांधणी कुठे बिघडते

सुरुवात स्वतःच्या ओळखीने करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. "मी अमुक वर्षं पत्रकारितेत आहे" हे वाचायला संपादक थांबत नाही. ईमेलच्या विषयाच्या ओळीपासूनच स्टोरी दिसायला हवी. आपल्या उदाहरणाची पिच साधारण अशी होईल:

> विषय: पिच – शेवटच्या बससाठी डायलिसिस अर्धवट (ग्राउंड रिपोर्ट)
>
> रात्री नऊ वाजले की डायलिसिस केंद्रातले काही रुग्ण नर्सला मशीन बंद करायला सांगतात. उपचाराचा अर्धा तास बाकी असतो, पण शेवटची बस सव्वानऊला आहे. नव्या वेळापत्रकापूर्वी ती दहाला होती.
>
> बसच्या वेळेतल्या एका बदलाचा उपचारांच्या वेळेवर कसा परिणाम होतो आणि वेळापत्रक ठरवताना रुग्णालयांना विचारलं जातं का, याचा शोध या रिपोर्टमध्ये घेईन. वेळापत्रकाचा आढावा पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी हा रिपोर्ट यावा असं वाटतं.
>
> दोन रुग्णांशी आणि एका नर्सशी बोलणं झालं आहे. जुनं आणि नवं वेळापत्रक माझ्याकडे आहे. किती रुग्ण लवकर उठतात याची नोंद केंद्राकडून मिळवायची आहे. किडनीविकार तज्ज्ञ आणि परिवहन अधिकारी यांच्याशी अजून बोलायचं आहे.
>
> लांबी सुमारे १५०० शब्द, होकारानंतर दोन आठवड्यांत कॉपी देईन. आरोग्य आणि वाहतूक या विषयांवरच्या माझ्या दोन स्टोरींच्या लिंक खाली आहेत.

पहिला परिच्छेद दृश्य दाखवतो. दुसरा त्या दृश्याचा अर्थ आणि "आत्ताच का" हे सांगतो. तिसऱ्यात कामाचा पुरावा आहे आणि पत्रकाराची ओळख शेवटच्या दोन ओळींत आटोपली आहे. एवढं पुरेसं होतं. पिच चारशे शब्दांच्या पलीकडे जायला लागली, की समजावं की अँगल अजून ठरलेला नाही.

तिसऱ्या परिच्छेदावर मी सगळ्यात जास्त भर देईन, कारण अनुभवी संपादक तिथेच थांबून वाचतात. काय हातात आहे आणि काय मिळवायचं आहे, हे तिथे वेगळं सांगितलेलं असायला हवं. दोन रुग्णांशी बोलून "शेकडो रुग्णांचे हाल" असं लिहिलं, तर ती पिच मंजूर झाली तरी पुढे अडचणीत येते. केंद्राच्या नोंदीत फक्त तीनच नावं निघाली, तर पत्रकार त्या "शेकडो"त अडकतो आणि मजकूर ताणायचा मोह होतो. उलट "नोंद मिळवायची आहे" असं आधीच लिहिलेलं असेल, तर आकडा लहान निघाल्यावर संपादकाला फोन करून स्टोरीचा आकार बदलता येतो.

इथे स्रोतांची काळजीही आली. नर्सचं नाव पिचमध्ये घालायची काहीच गरज नाही. तिची नोकरी पणाला लागू शकते. रुग्णांशी बोलतानाही स्टोरी अजून कुठे मंजूर झालेली नाही हे स्पष्ट सांगावं. छापून येईल असा शब्द देऊ नये.

कल्पना चोरीला जाईल या भीतीने काही जण मुद्दामच मोघम लिहितात. भीती अगदीच निराधार नाही, कारण कॉपीराइट मांडणीला असतो, नुसत्या कल्पनेला नसतो. पण मोघम पिच मंजूरच होत नाही. नावं, फोन नंबर आणि कागदपत्रं आपल्याकडे ठेवावीत, घटना मात्र मोकळेपणाने सांगावी.

नकारातून दोष ओळखा

"हे आम्ही केलंय" असं उत्तर आलं, तर पाठवण्याआधी शोध घेतलेला नसतो. गूगलमध्ये त्या वेबसाइटच्या पत्त्यासह `site:example.com डायलिसिस` असं टाकलं की जुने लेख समोर येतात. सापडलेल्या लेखापेक्षा आपलं वेगळं काय, हे पिचमध्ये एका ओळीत सांगता येतं. "रंजक आहे, पण आमच्यासाठी नाही" याचा अर्थ बरेचदा डेस्क, म्हणजे पिच पाठवलेला विभाग, चुकला असा असतो. "कोण बोलणार आहे?" असं विचारलं गेलं, तर तिसरा परिच्छेद कच्चा आहे.

उत्तरच आलं नाही, तर आठवडा-दहा दिवसांनी त्याच ईमेलवर एकदा आठवण करावी. शक्यतो नवी माहिती जोडून, म्हणजे "केंद्राची नोंद आता मिळाली आहे" अशी. स्टोरी तारखेला बांधलेली असेल, तर एक-दोन दिवसांतच विचारावं आणि कधीपर्यंत थांबणार तेही लिहावं. एकच पिच गुपचूप चार ठिकाणी पाठवू नका. दोघांनी होकार दिला, तर एकाला नकार द्यावा लागतो आणि तो संपादक तुमचा पुढचा ईमेल उघडेलच असं नाही.

होकार मिळाला की काम सुरू करण्याआधी मानधन, शब्दमर्यादा, डेडलाइन, प्रवासखर्च आणि हक्क लेखी ठरवून घ्यावेत. मागवलेली कॉपी छापली गेली नाही तर किती रक्कम मिळेल, हेही तेव्हाच विचारावं.

नकार आला, तर तीच पिच नुसतं संबोधन बदलून पुढे ढकलू नका. आरोग्याच्या मासिकासाठी ती मशीनजवळ सुरू होईल आणि अर्ध्या तासाने शरीरात काय फरक पडतो याकडे जाईल. शहर नियोजनावर लिहिणाऱ्या वेबसाइटसाठी सुरुवात वेळापत्रकाच्या आदेशापासून होईल आणि रुग्ण दुसऱ्या परिच्छेदात येतील. विषयाची ओळ, लांबी आणि खालच्या लिंकसुद्धा त्याप्रमाणे बदलाव्या लागतील.