व्हॉट्सॲपवर सौदा करताय? 'ओके' कशाला ते आधी बघा

कागदावर सही नाही म्हणजे करार नाही असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाहीये, आयटी कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे फक्त मेसेज किंवा ईमेलवर ठरलं म्हणून करार रद्दबातल होत नाही. गडबड होते ती अर्धवट चॅटमुळे.

१. सगळं एकाच मेसेजमध्ये टाका: 'कपाट ४२,००० ला, सागवानी प्लाय, १०,००० ॲडव्हान्स, २० तारखेला घरपोच. मान्य असेल तर तसं लिहा.' नुसता 👍 आला तर परत विचारा, कारण 'मेसेज बघितला' असाही त्याचा अर्थ काढता येतो.

२. समोरून 'ओके, पण ४० ला द्या' आलं तर तो होकार नाहीच, तो नवा प्रस्ताव झाला, आता हो म्हणायचं ते तुम्ही. इथेच लोक फसतात.

३. अजून बोलणीच चालू असतील तर स्पष्ट लिहा, 'सही झाल्याशिवाय पक्कं नाही.'

आणि डिसअपिअरिंग मेसेज बंद ठेवा. स्क्रीनशॉटच्या भरवशावर मूळ चॅट उडवू नका, कोर्टात गेलात तर स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, सर्टिफिकेट लागतं.