घसारा बिलाच्या तारखेपासून मोजू नका

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात सप्टेंबरमध्ये ४ लाखांचं लेथ मशीन आलं. मी सगळी रक्कम त्याच वर्षी खर्चात टाकायला निघालो होतो! तसं चालत नाही. मशीन झिजतं तशी त्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात जाते, तोच घसारा. आयकरात साध्या मशीनला १५ टक्के, म्हणजे ६०,००० रुपये. पुढच्या वर्षी उरलेल्या ३,४०,००० वर. पण पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच, ३०,०००. आणि दिवस धरतात ते मशीन कामाला लागल्यापासून. म्हणून थ्री-फेज जोडणी आधीच करून घ्या, २ ऑक्टोबरच्या आत पहिला जॉब काढा आणि त्याचं चलन फाइलला लावा.

जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर तेवढ्या रकमेवर घसारा धरू नका.