सॅच्युरेशन ९९ दिसलं म्हणून सोडून देऊ नका : गिझर, धूर आणि कॅज्युअल्टीतल्या या चुका टाळा

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की कॅज्युअल्टीत एक ठरलेला पेशंट येतो. 'बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली.' ओला टॉवेल गुंडाळलेला, केसाला शाम्पू तसाच, सोबतचा माणूस भेदरलेला. बीपी कमी झालं असेल, उपास असेल, गरम पाण्याने भोवळ आली असेल, असं म्हणून सलाईन लावून सोडून दिलेले असे पेशंट मी पाहिलेत. एकीच्या बाबतीत हीच चूक माझ्या हातून एक तासभर होत राहिली. तीच सांगते.

शेहेचाळीस वर्षांच्या शिक्षिका, राहणार कर्वेनगर. रविवारचं निवांत न्हाणं. गॅस गिझर बाथरूमच्या आतच, आणि गार वारा येतो म्हणून एक्झॉस्टच्या भोकाला पुठ्ठा चिकटवलेला. सव्वाआठला नवऱ्याने कडी तोडून त्यांना बाहेर काढलं. शेजारणीने कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी साखरपाणी पाजायला निघालं होतं. नऊला त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा शुद्धीवर होत्या. डोकं प्रचंड दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती. बोटाला ऑक्सिमीटर लावला : ९९. मी नाकात नळी लावून दोन लिटर ऑक्सिजन सुरू केला आणि 'सॅच्युरेशन छान आहे' म्हणून वीस मिनिटांत बंद केला.

पहिली चूक ती. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. बोटावरचं साधं यंत्र दोनच रंगांचा प्रकाश टाकून रक्ताचा लालपणा मोजतं आणि मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याला लालच दिसतं. म्हणजे ९९ मध्ये ऑक्सिजन किती आणि विष किती, हे त्याला सांगताच येत नाही. एबीजीवरही विसंबू नका. पीओटू नॉर्मल येतो, कारण रक्तात विरघळलेला ऑक्सिजन खरंच ठीक असतो. आणि बऱ्याच मशीनवर छापून येणारं सॅच्युरेशन त्या पीओटूवरून काढलेलं गणित असतं, मोजलेलं नसतं. मोजायचं असेल तर को-ऑक्सिमेट्री असलेल्या मशीनवर कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मागवा. त्यासाठी धमनीत सुई खुपसायची गरज नाही, शिरेतलं रक्त चालतं. आणि पुस्तकातला तो चेरीसारखा लाल चेहरा शोधत बसू नका. जिवंत पेशंटमध्ये तो क्वचितच दिसतो.

दुसरी चूक प्रश्नाची. मी विचारलं, 'गॅसचा वास येत होता का?' नवरा म्हणाला, 'अजिबात नाही मॅडम, सिलिंडर तर बाहेर बाल्कनीत आहे.' आणि मी निर्धास्त झाले. वास सिलिंडरच्या गॅसला असतो, तोही मुद्दाम मिसळलेला. इथे गळती नव्हतीच. बंद खोलीत जळता जळता ज्योतीला ऑक्सिजन कमी पडला, गॅस अर्धवट जळला आणि मोनॉक्साइड तयार झाला. त्याला ना वास, ना रंग. खरा प्रश्न हा : 'गिझर आत आहे की बाहेर, आणि हवा कुठून येते?' दुसरा : 'घरात आणखी कुणाचं डोकं दुखतंय का?' दहाच्या सुमारास दाराशी उभा असलेला मुलगा आपणहून म्हणाला, 'आई आत होती तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होतो, माझंही डोकं जड झालंय.' तेव्हा माझी ट्यूब पेटली. रक्त पाठवलं. आईचं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन २४ टक्के. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसात ते ३ च्या आत असतं.

रिपोर्टची वाट न पाहता तोंडावर पिशवीचा नॉन-रीब्रीदर मास्क चढवला. इथे तिसरी चूक हमखास होते : मास्क लावतात, पण फ्लो सहा-सात लिटरवर ठेवतात. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर मिळणारा ऑक्सिजन कमी पडतोय असं समजा. १५ लिटर ठेवा, लावण्याआधी पिशवी भरून घ्या, मास्क नाकापाशी नीट बसवा. साध्या हवेत हा विषारी भाग निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, या मास्कवर साधारण सव्वा तास. आमच्या बाईंचं गणित त्याच हिशेबाने गेलं : दहाला २४, सव्वाअकराच्या सुमारास १२, पावणेदोनला ३. साध्या हवेत ठेवलं असतं तर दुपारी तीनलाही १२ असतं. आकडा उतरला की मास्क काढायची घाई नको; डोकेदुखी जाईपर्यंत, साधारण सहा तास तरी, तो ठेवतो. उलट, पेशंट उशिरा आला किंवा वाटेत ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन मिळाला असेल तर आकडा कमी दिसतो. त्यावरून विषबाधा हलकी होती असं ठरवू नका. नमुना किती वाजता घेतला हे कागदावर लिहा. ईसीजी आणि ट्रोपोनिनही करा, हृदयालाही मार बसतो.

बेशुद्ध झालेले किंवा गरोदर पेशंट असतील, तर हायपरबेरिक ऑक्सिजनबद्दल त्या केंद्राशी फोनवर बोला. त्याचा मेंदूला फायदा होतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. त्यासाठी अस्थिर पेशंटला गाडीत घालून फिरवणं तर नकोच.

आगीतून आलेल्या माणसाचं आणखी वेगळं. त्याच आठवड्यात लाकडाच्या वखारीतला एक कामगार आला. मोनॉक्साइड जेमतेम, सॅच्युरेशन ९८, एक्स-रे स्वच्छ. पण नाकातले केस करपलेले, थुंकीत काजळी, आणि भाऊ म्हणाला, 'याचा आवाज असा नाही हो.' घोगरा झालेला आवाज ही स्वरयंत्राला सूज चढत असल्याची खूण. ती पुढचे बारा ते छत्तीस तास वाढतच जाते. पहिला एक्स-रे बहुतेकदा नॉर्मलच असतो, आणि स्टेरॉइड देऊन वाट पाहण्याने सूज थांबत नाही. श्वास आत घेताना घर्र असा आवाज येऊ लागेपर्यंत थांबलात तर नळी टाकायला वाट उरत नाही. भूलतज्ज्ञाला आवाज बदलताच बोलवायचं, आणि मोठ्या माणसाला जमल्यास आठ नंबरची नळी, म्हणजे नंतर दुर्बिणीने काजळी काढता येते. बंद खोलीतल्या आगीत लॅक्टेट दहाच्या आसपास गेलं असेल आणि पेशंट गुंगीत असेल, तर सायनाइडचाही विचार करा.

शिक्षिका दुसऱ्या दिवशी ठणठणीत घरी गेल्या. आणि चौथी चूक इथे झाली, ती माझीच. पुढचं मी त्यांच्या नवऱ्याला सांगितलंच नाही. एकोणिसाव्या दिवशी नवऱ्याचा फोन आला : 'दूध गॅसवर ठेवते आणि उतू जाताना नुसती बघत उभी राहते. हजेरीपटावर एकाच मुलीचं नाव तीनदा लिहिलं. पाय घासत चालते.' त्याआधी त्यांनी फॅमिली डॉक्टरांना दाखवलं होतं. मधे दोन आठवडे त्या बऱ्या असल्यामुळे गिझरचा विषय निघालाच नाही आणि नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या ग्लोबस पॅलिडसमध्ये आणि पांढऱ्या भागात बदल दिसले. हा उशिरा येणारा त्रास साधारण दोन दिवसांपासून चाळीस दिवसांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतो. विस्मरण, चालीतला फरक, लघवीवर ताबा न राहणं, स्वभाव बदलणं. पहिल्या दिवशीच्या टक्क्यांवरून तो कुणाला होईल हे सांगता येत नाही. बेशुद्ध झालेल्यांकडे मात्र जास्त लक्ष ठेवायचं. त्यावर सिद्ध झालेलं खास औषध नाही. फिजिओथेरपी, व्यवहाराचा सराव आणि वेळ. पुष्कळजण काही महिन्यांत सावरतात, सगळेच नाही. बाई सात महिन्यांनी शाळेत परतल्या. गिझर आता ड्राय बाल्कनीत आहे.

डिस्चार्ज कार्डवर मी आता एक ओळ हाताने लिहिते : 'पुढचे सहा आठवडे विसरभोळेपणा, चालण्यात किंवा वागण्यात फरक वाटला तर हे कार्ड घेऊन या, आणि दुसरीकडे दाखवलंत तरी गिझरचं सांगा.' ती ओळ पेशंटला नाही, घरच्यांना वाचून दाखवायची, कारण आपण बदललोय हे पेशंटला कळतच नाही.