कुपवाडच्या काच-यार्डातली चार वर्षं : रंग, कपबशी आणि इंजेक्शनची बाटली

रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका काच-भंगाराच्या यार्डात क्वालिटी बघायला लागलो. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, माझाही तोच होता : काच शेवटी वितळवायचीच आहे, मग एवढी निवडत कशाला बसायचं? आगीत सगळं एक होणार नाही का?

नाही होत. हे कळायला मला एक अख्खा परत आलेला ट्रक लागला.

आधी रंगाचं सांगतो, कारण पहिल्या दिवशी तुम्हाला निवडणीच्या सरकत्या बेल्टवर उभं करतील ते रंगासाठीच. आमच्याकडे तीन ढीग असतात : पांढरी, हिरवी आणि तपकिरी. तपकिरीला यार्डात सगळे ‘बियरची’च म्हणतात, मग ती औषधाची बाटली असली तरी. हिरव्या काचेचा रंग क्रोमियम ऑक्साइडचा असतो. समजा तिच्यात ते 0.2 टक्के आहे आणि एक टन पांढऱ्या मालात 10 किलो हिरवी काच चुकून गेली, तर त्या टनात 20 ग्रॅम क्रोमियम ऑक्साइड गेलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पांढऱ्या बाटलीत तेवढ्यानेही हिरवट झाक डोळ्याला दिसते. आणि एकदा काचेत विरघळलेला रंग बाहेर काढता येत नाही. भट्टीवाले सेलेनियम आणि कोबाल्ट घालून लोखंडाची हलकी हिरवट छटा झाकतात, क्रोमियमपुढे मात्र त्यांचा इलाज चालत नाही.

तपकिरीची गोष्ट वेगळी आहे. तिचा रंग लोखंड आणि गंधक एकत्र येऊन तयार होतो. तो टिकावा म्हणून मिश्रणात थोडा कोळसा घालून वितळलेल्या काचेत ऑक्सिजन कमी ठेवतात. पांढऱ्या काचेचं उलट असतं. तिथे ऑक्सिजन जास्त ठेवतात आणि बुडबुडे काढायला सोडियम सल्फेट वापरतात. अशा पांढऱ्या भट्टीत तपकिरी तुकडे गेले की त्यांच्यातलं सल्फाइड त्या सल्फेटशी भिडतं, सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि वितळलेल्या काचेवर फेस चढतो. दूध उतू जाताना साय जशी वर उचलली जाते तसंच. फेसाखाली ज्वाळेची उष्णता नीट पोचत नाही आणि बाटलीत बारीक बुडबुडे राहून जातात. म्हणून भट्टीवाल्याला प्रमाणापेक्षा चढउतार जास्त छळतात. रोज थोडी तपकिरी ठरलेल्या प्रमाणात आली तर तो कृती जुळवून घेतो. एका लॉटमध्ये काहीच नाही आणि पुढच्यात भरमसाट, हे त्याला पेलत नाही.

आता त्या ट्रकबद्दल. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर सांगलीतून जे भंगार आलं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. घरंच्या घरं पाण्यात गेली होती. बाटल्यांच्या गोण्यांत फुटक्या कपबश्या, बरण्या, भिंतीच्या टाइल्सचे तुकडे, सगळं कृष्णेच्या गाळात माखलेलं. माल साचत चालला, यार्डात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा आधी क्रशरमधून काढायचं आणि मग निवडायचं असं ठरलं. त्या निर्णयात मीही होतो. बेल्टवर वीस वर्षं काढलेल्या मावशी त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “आरं, आख्खी कपबशी दिसती रे. बारीक केल्यावर मी काय चाळून काढू?”

त्यांचं म्हणणं पंधरा दिवसांत खरं ठरलं. बाटल्यांच्या कारखान्याने नमुना काढला, टनामागे 20 ग्रॅमपेक्षा जास्त चिनीमाती-दगड चालणार नाही ही करारातली अट दाखवली आणि ट्रक परत पाठवला. मला आधी ती अट आडमुठेपणाची वाटली होती. युरोपियन युनियनच्या 2012 च्या नियमात 1 मिलिमीटरपेक्षा मोठ्या काचतुकड्यांच्या मालात असे पदार्थ टनामागे 100 ग्रॅमच्या खाली ठेवायला सांगितलंय, आणि हे लोक 20 मागतात! मग त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांनी फोनवर मला एक हिशेब करायला लावला.

20 ग्रॅम म्हणजे कपाचा एक मोठा तुकडा. तो क्रशरमध्ये 2 मिलिमीटरच्या दाण्यांत फुटला, तर एकेक दाणा साधारण 10 मिलिग्रॅमचा होतो. म्हणजे 2000 दाणे. पाव किलोची बाटली धरली तर एक टन काचेच्या 4000 बाटल्या होतात. निम्मे दाणे भट्टीत झिजून संपले तरी 1000 बाटल्यांत एकेक खडा राहणार, आणि खडा असलेली बाटली म्हणजे बाद बाटली. कपाच्या एका तुकड्यासाठी एवढं!

पण कप वितळत का नाही? बाटलीची भट्टी 1500 अंश सेल्सिअसच्या आसपास चालते. चिनीमातीत अॅल्युमिनाचं प्रमाण मोठं असतं आणि ती भाजताना तिच्यात म्युलाइटचे स्फटिक तयार होतात. त्यांना वितळायला 1800 अंशांच्याही वर जावं लागतं. अगदी बारीक पूड असेल तर ती काचेत हळूहळू विरघळते, पण काच भट्टीत राहते साधारण एखादा दिवस. 2 मिलिमीटरच्या दाण्याच्या कडा तेवढ्या वेळात गोल होतात आणि आतला गाभा तसाच राहतो. त्यातून त्याची घनताही काचेच्या जवळपासच असते, त्यामुळे तो धड तळाशी बसत नाही, धड वर तरंगत नाही. प्रवाहाबरोबर थेट साच्यापर्यंत जातो.

आणि तो नुसता दिसायला वाईट नसतो. बाटली थंड होताना काच जास्त आकसते आणि आतला चिनीमातीचा खडा कमी. त्यामुळे खड्याभोवतीची काच ताणात राहते. अशा बाटलीत सोडा भरला की तडा तिथूनच जातो. परत आलेल्या मालासोबत कारखान्याने एक फुटकी बाटली पाठवली होती, ती अजून माझ्या टेबलावर आहे. तळापासून दोन बोटं वर मोहरीएवढा पांढरा ठिपका आणि त्यातून तीन बाजूंना गेलेले तडे.

तेव्हापासून आमचा क्रम बदलला. गाळाचा माल आधी धुवायचा, मग आख्ख्या किंवा मोठ्या तुकड्यांत निवडायचा आणि क्रशर सगळ्यात शेवटी. कॅमेऱ्याचं मशीन आलं तरी हा क्रम मोडू नका. ते मशीन खालून उजेड टाकतं. ज्यातून उजेड आरपार जात नाही तो तुकडा ओळखून हवेच्या फवाऱ्याने उडवतं. तुकडा फार बारीक असला की फवाऱ्याचा नेम चुकतो, आणि गाळ लागलेली काचही त्याला कपासारखीच दिसते.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्याकडे येतो, ती म्हणजे उष्णतेला टिकणारी काच. प्रयोगशाळेतला बीकर, ओव्हनमधलं भांडं, चहाची काचेची किटली. तिला बोरोसिलिकेट म्हणतात. ती पारदर्शक असल्यामुळे उजेडाचं साधं मशीन तिला बाटलीची काच समजून पुढे सोडतं. तिला पकडायला क्ष-किरणांची किंवा अतिनील किरणांची वेगळी यंत्रणा लागते आणि ती आमच्यासारख्या यार्डाला परवडत नाही.

आमच्याकडे हा प्रश्न जास्त येतो तो शेजारच्या मिरजेमुळे. तिथे दवाखान्यांची दाटी. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे औषधाच्या काचेच्या बाटल्या आणि अँप्यूल निळ्या खोक्यात जातात आणि निर्जंतुक झाल्यावर पुनर्वापराला देता येतात. इंजेक्शनच्या अँप्यूल बहुतेक बोरोसिलिकेटच्या असतात, आणि त्यातल्या काही तपकिरी! ती तपकिरी अँप्यूल बियरच्या ढिगात पडली की रंगाने अजिबात ओळखू येत नाही. (निर्जंतुक केल्याचा कागद नसेल तर ती गोणी उघडूच नका. आत सुई असू शकते.)

बोरोसिलिकेट कपासारखं अडून बसत नाही, भट्टीत मऊ होतं. पण त्याच तापमानाला ते बाटलीच्या काचेपेक्षा जास्त घट्ट राहतं आणि तिच्यात नीट मिसळत नाही. पातळ खळीत घट्ट गुठळी राहावी तसं. भट्टीतून निघालेला काचेचा गोळा साच्यात पडायच्या आधी कात्रीने कापतात, तिथे ही गुठळी असली की काप वाकडा येतो आणि बाटलीची भिंत एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ होते. शिवाय तापल्यावर बाटलीची काच जेवढी प्रसरण पावते, त्यापेक्षा बोरोसिलिकेट बरंच कमी पावतं, बीकरचं तर साधारण एक तृतीयांशच. म्हणून जिथे गुठळी तिथे पुन्हा ताण. काचेच्या शेगडीचा पृष्ठभाग असतो तो तर याहून वाईट. तो ग्लास-सिरॅमिक, जवळजवळ प्रसरणच न पावणारा. दिसायला काचच, पण भट्टीत मुळीच दाद देत नाही.

शंकेचा तुकडा कसा ओळखायचा? मेडिकलमधून ग्लिसरीन आणा. शुद्ध ग्लिसरीनचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकवतं तो आकडा, 1.473, बीकरच्या बोरोसिलिकेटचाही 1.474 च्या आसपास, बाटलीच्या काचेचा 1.52. कोरडा, स्वच्छ तुकडा पारदर्शक वाटीत ग्लिसरीनमध्ये बुडवला की बीकरच्या बोरोसिलिकेटच्या कडा गायब होतात, जणू वाटीत काही नाहीच. अँप्यूलच्या काचेचा अपवर्तनांक थोडा जास्त असतो, म्हणून तिथे ही चाचणी तेवढी खात्रीची नाही. बाटलीच्या तुकड्याच्या कडा स्पष्ट दिसत राहतात. तुकडा तपकिरी असेल तर रंग दिसतोच, म्हणून फक्त कडेची रेघ बघायची. ओला तुकडा टाकू नका. पाणी मिसळलं की ग्लिसरीनचा अपवर्तनांक खाली येतो आणि निकाल फसवा होतो. ग्लिसरीन हवेतलं पाणीही ओढून घेतं, तेव्हा बाटलीचं झाकण घट्ट लावा.

ही चाचणी गोणीला पुरत नाही, हेही लक्षात ठेवा. एका गोणीतले दहा तुकडे तपासून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, कारण एकच अँप्यूल अकराव्या ठिकाणी असू शकते. आम्ही तिचा उपयोग गोणीचा मालक कोण हे बघून करतो : हॉटेलची बाटली असेल तर नुसती नजर, दवाखान्याची, प्रयोगशाळेची किंवा घरगुती भांड्यांची असेल तर निवडून वेगळी, आणि शंका आली तर ग्लिसरीन. वेगळा काढलेला माल बाटलीच्या कारखान्याला कधीच जात नाही.

मावशी अजून बेल्टवर आहेत. मिरजेची गोणी आली की त्या हातमोजे चढवतात, मला हाक मारतात, आणि मी वाटी घेऊन जातो. मागच्या महिन्यात त्यांनी एक तपकिरी तुकडा उचलून धरला. “हे बघ, बियरचं न्हाई वाटत. लई पातळ हाय.” मी तो पुसून ग्लिसरीनमध्ये टाकला. वाटीच्या तळाशी फक्त एक तपकिरी सावली राहिली, तिला कड नव्हती.