बाबांच्या खात्यातून कापली जाणारी वर्गणी: या चुका टाळा

बाबा गेल्यावर दीड महिन्याने मी त्यांची बँक स्टेटमेंट उघडली. मागचे ३ महिने पाहिले, दरमहा जाणाऱ्या दोन रकमा सापडल्या, त्या बंद केल्या आणि काम झालं असं समजलो. पण अँटिव्हायरसची वर्गणी वर्षातून एकदाच कापली जाते. ती मला पुढच्या वर्षाचे पैसे गेल्यावर दिसली. म्हणून सलग १३ महिन्यांची स्टेटमेंट घ्या. वार्षिक रक्कम दोन-चार दिवस मागेपुढे कापली गेली, तरी १३ महिन्यांत सहसा सुटत नाही.

दुसरी चूक थोडक्यात टळली. दरमहा एक छोटी रक्कम अगदी अनोळखी नावाने जात होती. फसवणूक समजून मी ती बँकेकडूनच थांबवणार होतो. पण स्टेटमेंटवर पुष्कळदा सेवेचं नाव येतच नाही, पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचं येतं. आईला बाबांच्या ईमेलचा पासवर्ड ठाऊक होता. तिच्यासोबत बसून मी तीच रक्कम, अगदी दशांशासकट, ईमेलमध्ये शोधली. त्याच तारखेची पावती निघाली: क्लाउड स्टोरेजची. बाबांच्या फोनमधले सगळे फोटो तिथे होते. पैसे थांबले की अशा सेवा काही मुदत देतात आणि नंतर साठा पुसूही शकतात. आम्ही आधी सगळं उतरवून घेतलं, फाइल उघडून तपासल्या, मगच वर्गणी बंद केली.

पासवर्ड कुणालाच माहीत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. चुकीच्या प्रयत्नांनी खातं कुलूपबंद होतं. काही मोठ्या कंपन्यांकडे वारसांसाठी वेगळा अर्ज असतो, तो भरा.

सगळ्यात महागात पडलं ते बाबांचं सिम आधी बंद करणं. लॉगिनचा ओटीपी त्याच नंबरवर जायचा. एका सेवेचं खातं त्यामुळे उघडताच येईना. शेवटी मृत्यूचा दाखला जोडून ग्राहक सेवेला लिहावं लागलं, आणि तोवर आणखी दोन हप्ते गेले. फोन नंबर आणि ईमेल, या दोन गोष्टी अगदी शेवटी बंद करा.

ॲप काढून टाकलं की वर्गणी थांबते, हाही माझा गैरसमज होता. ॲप स्टोअरमधून घेतलेली वर्गणी स्टोअरच्या खात्यातूनच रद्द करावी लागते, आणि स्टेटमेंटवर ती स्टोअरच्याच नावाने येते. कार्ड बंद केल्याने पैसे अडतात, करार संपेलच असं नाही. काही ठिकाणी थकबाकी लागते.

मृत्यूनंतर कापलेल्या रकमा मी तारखांसह लिहून परत मागितल्या. अँटिव्हायरसवाल्यांनी पूर्ण पैसे दिले. ओटीपीवर अडलेल्या सेवेने मात्र आमचं पत्र मिळाल्यानंतरचाच हप्ता परत केला.