ग्रुपमध्ये कमेंट बंद झाली? या चुका टाळा

नाशिकमधल्या एका स्थानिक फेसबुक ग्रुपची मी मॉडरेटर आहे. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, की "मॅडम, मला कमेंटच करता येत नाही, फेसबुकने ब्लॉक केलंय" असे निरोप वाढतात. त्यातल्या बहुतेकांना फेसबुकने काहीच केलेलं नसतं. ग्रुपच्या ॲडमिनने त्यांना काही दिवसांसाठी थांबवलेलं असतं. गैरसमज तिथूनच सुरू होतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत माणूस स्वतःच्या हाताने ते प्रकरण वाढवून ठेवतो. सात दिवसांत आपोआप सुटलं असतं ते कायमचं बंद होऊन बसतं.

यंदाचंच एक प्रकरण सांगते. निफाड तालुक्यातले एक बागायतदार थेट ग्राहकांना द्राक्षं विकतात. दोन-दोन किलोचे बॉक्स भरून गाडी इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड अशी फिरवतात. माल चांगला, भाव रास्त. आमच्या ग्रुपचा नियम असा, की विक्रीची जाहिरात फक्त रविवारच्या विक्रीच्या धाग्यात करायची, इतर कुणाच्या पोस्टखाली नाही. या दादांनी एकच मजकूर, फोन नंबरसकट, दिसेल त्या पोस्टखाली चिकटवला. कुणी दातांचा डॉक्टर विचारला होता, कुणी भाड्याने फ्लॅट शोधत होतं, सगळ्यांच्या खाली तेच: "ताजी द्राक्षं, थेट बागेतून, व्हॉट्सॲप करा." सदस्यांनी तक्रारी केल्या आणि एका ॲडमिनने त्यांना सात दिवसांसाठी निलंबित केलं.

त्या सात दिवसांचं मोल मला कळतं. द्राक्ष तयार झालं की वेलीवर फार दिवस ठेवता येत नाही. अवकाळी पाऊस आला तर मणी तडकतात आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणून घाई होणं स्वाभाविक आहे, पण नुकसानही त्या घाईनेच होतं.

पहिली चूक: बंद कुणी केलंय हे न पाहताच उपाय सुरू करणं

दादांनी ॲप काढून पुन्हा टाकलं, पासवर्ड बदलला, फेसबुककडे बिघाडाची तक्रार नोंदवली. यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं, कारण बिघाड नव्हताच. ग्रुपमध्ये कुणाला बोलू द्यायचं हा ॲडमिनचा अधिकार असतो. ॲडमिनचा निर्णय फिरवून द्या म्हणून फेसबुककडे दाद मागता येत नाही.

ओळखायची पद्धत अशी. आधी दुसऱ्या एखाद्या ग्रुपमध्ये जाऊन साधी कमेंट करून पाहा. ती झाली, तर अडचण याच ग्रुपपुरती आहे. मग या ग्रुपमधल्या दोन-तीन वेगवेगळ्या पोस्ट उघडा. फक्त एकाच पोस्टखाली लिहिता येत नसेल, तर त्या पोस्टच्या कमेंट सगळ्यांसाठीच बंद केलेल्या असतात आणि तुमच्यावर कारवाई झालेली नसते. पोस्ट वाचता येतात, पण कुठेच कमेंट होत नाही आणि लाईकसुद्धा करता येत नाही, तर ते निलंबन. आधी याला ‘म्यूट’ म्हणत. २०२२ मध्ये फेसबुकने त्याचं नाव ‘Suspend’ केलं आणि त्यात लाईकसारख्या प्रतिक्रिया आणि ग्रुपचं चॅटही बंद व्हायला लागलं. हे १२ तासांपासून २८ दिवसांपर्यंत लावता येतं आणि मुदत संपली की आपोआप उठतं. बहुतेक वेळा त्याची सूचना तुमच्या नोटिफिकेशनमध्ये आलेली असते. ती शोधा, कारण केव्हापर्यंत थांबायचं ते तिथेच कळतं.

पोस्ट टाकता येते पण ग्रुपमध्ये दिसत नाही, असं असेल तर प्रकार वेगळा आहे. ग्रुपच्या मेनूत ‘Your content’ उघडा. पोस्ट ‘Pending’मध्ये असेल तर ती मंजुरीच्या रांगेत आहे. ‘Declined’मध्ये असेल तर ती नाकारली गेली आहे आणि कधीकधी ॲडमिनने कारणही लिहिलेलं असतं. नाकारणारा दरवेळी माणूसच असतो असंही नाही. ‘ॲडमिन असिस्ट’ नावाच्या सोयीत ॲडमिन ठरावीक शब्द किंवा लिंक आधीच देऊन ठेवतात आणि त्या असलेल्या पोस्ट आपोआप परत जातात. तीच पोस्ट पुन्हा पुन्हा टाकली तरी ती पुन्हा पुन्हा परतच जाणार.

ग्रुप शोधूनही सापडत नाही आणि जुनी लिंक उघडत नाही, तर बहुधा तुम्हाला बॅन केलंय. ग्रुपच बंद झाला असेल तरीही असंच दिसतं, म्हणून आधी ग्रुपमधल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला "तुला दिसतोय का?" एवढं विचारा.

सगळ्याच ग्रुपमध्ये लिहिणं बंद झालं असेल, तर मात्र ते फेसबुकचं काम. सेटिंग्जमध्ये ‘Account Status’ पाहा, तिथे कारण आणि मुदत दिसते. फेसबुकच्या नियमांचं पहिलं उल्लंघन सहसा इशाऱ्यावर निभावतं. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत ग्रुपमध्ये पोस्ट करण्यासारख्या ठरावीक सोयी काही काळ बंद होऊ शकतात. निर्णय चुकीचा वाटत असेल तर फेरविचाराची मागणी तिथूनच करायची असते. तिथे ॲडमिनला लिहून उपयोग नाही, त्याच्या हातात ते नसतं.

दुसरी चूक: घरच्यांच्या खात्यावरून तेच सुरू ठेवणं

तिसऱ्या दिवशी वहिनींच्या खात्यावरून तीच कमेंट दिसायला लागली. तोच मजकूर, तोच फोन नंबर, बॉक्सचा तोच फोटो. ॲडमिनला ओळखायला काय वेळ लागणार? दोन्ही खाती बॅन झाली.

इथे एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. बॅन करताना ॲडमिनसमोर आणखी पर्याय येतात: या माणसाची अलीकडची पोस्ट-कमेंट काढून टाकायची का, आणि त्याची इतर व पुढे उघडली जाणारी प्रोफाइलंही अडवायची का. दुसरा पर्याय निवडला गेला की नवीन प्रोफाइल काढूनही वाट मोकळी होत नाही. निलंबनाला शेवटची तारीख असते. बॅनला ती नसते, कुणीतरी तो उठवेपर्यंत तो तसाच राहतो. शिवाय वहिनी त्या ग्रुपवर भाजीपाल्याच्या आणि शाळेच्या चौकशा करायच्या, त्यांचंही ते दार बंद झालं. याचं मला जास्त वाईट वाटलं.

तिसरी चूक: रागाने ग्रुप सोडणं

दादांनी सोडला नव्हता, पण बरेच जण निलंबन दिसलं की तडक बाहेर पडतात. आत असताना तुम्हाला नियम वाचता येतात, ॲडमिनची यादी दिसते, आपली जुनी पोस्ट पाहता येते. खासगी ग्रुपमधून बाहेर पडलात की आतल्या पोस्ट दिसत नाहीत आणि परत यायला नव्याने अर्ज करावा लागतो. तो अर्ज त्याच ॲडमिनसमोर जातो ज्याने तुम्हाला थांबवलं होतं. निलंबनात गप्प बसून वाचत राहणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. तीन दिवसांचं किंवा त्याहून कमी निलंबन असेल तर मी ॲडमिनला लिहूसुद्धा नका म्हणेन. उत्तर येईपर्यंत मुदत संपलेली असते.

चौथी चूक: ॲडमिनला चुकीच्या जागी आणि चुकीच्या सुरात लिहिणं

मुदत मोठी असेल किंवा बॅन असेल तर लिहायलाच हवं. सदस्यांच्या यादीत सर्वांत वर ॲडमिन आणि मॉडरेटर दिसतात. त्यातल्या एकालाच मेसेज करा. कारवाई कुणी आणि कशावर केली याची नोंद ग्रुपच्या ‘Activity log’मध्ये आम्हा सगळ्यांना दिसते, त्यामुळे नेमका तोच ॲडमिन गाठायची गरज नाही. सगळ्यांना एकच मेसेज धाडला तर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल.

तुम्ही त्या ॲडमिनच्या मित्रयादीत नसाल तर तुमचा मेसेज ‘Message requests’मध्ये जाऊन पडतो आणि तो भाग कित्येक जण आठवडा-आठवडा उघडत नाहीत. "उत्तरच देत नाहीत, माज आलाय" असं वाटण्याआधी हे लक्षात घ्या. ग्रुपमधल्या ओळखीच्या माणसाकडून "एक मेसेज आलाय, बघता का?" एवढा निरोप पोचवला तर काम लवकर होतं. बॅन झालेल्याला ॲडमिनची यादी दिसत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी हाच रस्ता. ग्रुप एखाद्या पेजच्या नावाने चालत असेल तर त्या पेजलाही लिहिता येतं. पण ॲडमिनचा नंबर मिळवून रात्री फोन करू नका, आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये जाऊन त्याच्याविरुद्ध पोस्ट तर मुळीच टाकू नका. त्याचा स्क्रीनशॉट तासाभरात ॲडमिनकडे पोचतो.

दादांचा पहिला मेसेज असा होता: "शेतकऱ्याच्या पोटावर पाय देताय, मोठ्या बिल्डरच्या जाहिराती चालतात, आमची नाही." भावना मला पोचली. पण त्या मेसेजवरून बॅन उठवण्यासाठी मला इतर ॲडमिनना सांगण्यासारखं काही मिळत नव्हतं. काही दिवसांनी त्यांच्या पुतण्याने समजावल्यावर दुसरा आला:

"नमस्कार ताई. मी इतरांच्या पोस्टखाली द्राक्षांची जाहिरात टाकली आणि नंतर बायकोच्या खात्यावरूनही टाकली. दोन्ही नियमाबाहेरचं होतं. यापुढे फक्त रविवारच्या धाग्यात एकदाच टाकीन. माझं आणि तिचं, दोन्ही खाती पुन्हा घेता येतील का? पहिले काही दिवस पोस्ट मंजुरीवर ठेवली तरी चालेल."

यात काय केलं, कोणता नियम, पुढे काय करणार आणि नेमकं काय हवंय, हे सगळं आहे. शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी पडलं. ॲडमिनला भीती असते ती उघडलं की पुन्हा तेच होण्याची. मंजुरीची तयारी तुम्हीच दाखवली की निर्णय सोपा होतो. त्याच संध्याकाळी आम्ही बॅन उठवला.

बॅन उठल्यावर

इथे अजून एक अडखळण असते. बॅन उठला म्हणजे तुम्ही आपोआप सदस्य होत नाही. ग्रुप फक्त पुन्हा दिसायला लागतो. सामील होण्याची विनंती नव्याने पाठवायची आणि प्रश्न विचारले असतील तर त्यांची उत्तरं भरायची. उत्तरं रिकामी ठेवलेले अर्ज अनेक ग्रुपमध्ये आपोआप नाकारले जातात. दादांनी दोन दिवस "अजून सुरू झालं नाही" म्हणून वाट पाहिली, कारण त्यांनी विनंतीच पाठवलेली नव्हती.

परतल्यावर मजकूर चिकटवू नका, प्रत्येक वेळी नव्याने लिहा. आज कोणता माल आहे, सोनाका की थॉमसन, गाडी किती वाजता कुठे उभी राहणार, बॉक्स केवढ्याला. कुणी स्वतःहून "द्राक्षं कुठे मिळतील?" असं विचारलं, तर तिथे उत्तर देणं आमच्या नियमात बसतं. तुमच्या ग्रुपमध्ये बसतं का, ते आधी विचारून घ्या. दादांच्या पोस्ट दोन रविवार मंजुरीवर होत्या, नंतर ती अट काढली. तोवर त्यांची बाग निम्मी उतरली होती. उरलेला माल पाथर्डी फाट्यावर गेला.